मुरूम बसले, डाग का बसत नाहीत?

*डॉक्टर मॅडम, मी २२ वर्षांची आहे, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करते, रोज गाडीवरून जाते-येते. तीन वर्षं झाली, गालावर आणि हनुवटीवर मुरूम येतात. मुरूम आठ-दहा दिवसांत बसतो, पण त्याचा काळा डाग वर्ष झालं तरी जात नाही. लिंबू लावून झालं, बेसन-हळद झाली. मग मैत्रिणीनं एक ट्यूब दिली, मेडिकलमध्ये सहज मिळते. पंधरा दिवसांत डाग फिके झाले, चेहरा उजळला. दोन महिने लावली. संपली म्हणून चार दिवस लावली नाही, तर चेहरा लालबुंद झाला, जळजळतोय, आणि मुरूम दुपटीनं आलेत. पुन्हा आणून लावू का? हे डाग इतके का टिकतात? चेहरा न बिघडवता ते कशानं जातात? दिवाळीनंतर ताईचं लग्न आहे, पाच महिने हातात आहेत. – एक वाचक, कोल्हापूर*

पुन्हा आणू नकोस. बाकीचं सावकाश सांगते, पण आज संध्याकाळी मेडिकलच्या दिशेनं गाडी वळवायच्या आत तेवढं ऐक. ट्यूबचं रिकामं खोकं अजून कचऱ्यात गेलं नसेल तर काढून ठेव, त्याचं काम शेवटी आहे.

आधी डाग का टिकतात ते बघू. ते एकदा नीट कळलं की काय लावायचं आणि काय नाही, हे बरंचसं तुझं तुलाच उमजेल.

तुझ्या आजीच्या किंवा पणजीच्या हातावर गोंदण आहे का, आठवून बघ. माझ्या आजीच्या मनगटावर होतं. काजळीनं गोंदलेलं, म्हणजे घालताना काळंकुट्ट, पण आम्ही ते आयुष्यभर निळसर-हिरवंच पाहिलं. साठ-सत्तर वर्षं हात धुतले, घासले, भांडी केली, तरी ते गेलं नाही. कातडी तर सतत झडत असते, मग गोंदण का झडत नाही? कारण सुई वरच्या कातडीतून पार होऊन खालच्या थरात शाई सोडते, आणि झडतो तो फक्त वरचा थर. खालच्या थरात सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या शाई गिळतात आणि तिथंच बसून राहतात. काळा रंग इतक्या खोलवरून दिसतो म्हणून निळसर भासतो.

मुरमाच्या डागांचंही असंच आहे. काही डागांचा रंग वरच्या थरात असतो, काहींचा गोंदणासारखा खाली उतरलेला असतो. दिसायला दोन्ही ‘काळे डाग’च, पण एक महिन्यांच्या हिशेबात जातो आणि दुसरा वर्षांच्या.

वरच्या थराच्या अगदी तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचा रंग तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना त्याच्या बारीक पुड्या वाटत बसतात. मुरूम येतो तेव्हा तिथं सूज असते. सुजेत जी रसायनं सुटतात ती या रंगपेशींना डिवचतात आणि त्या भरमसाट रंग करू लागतात. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगपेशींची संख्या गोऱ्या लोकांइतकीच असते, पण त्या जास्त कामसू आणि जरा डिवचलं की उठणाऱ्या. म्हणून तोच मुरूम गोऱ्या मुलीच्या गालावर लाल खूण ठेवून जातो आणि आपल्या गालावर तपकिरी.

आता तू म्हणशील, वरचा थर झडतो म्हणजे महिन्या-दीड महिन्यात डाग जायला हवा. रंगपेशी लगेच शांत झाली असती तर गेलाही असता. पण सूज उतरली तरी ती कित्येक आठवडे जागीच असते. रंगाने भरलेल्या पेशी वर सरकून झडतात आणि खालून नव्या पेशी भरूनच येतात. रांगोळी पुसायची, पण मागून कुणीतरी पुन्हा भरतंय, असा प्रकार. त्यात शेजारी नवा मुरूम आला, ऊन लागलं, स्कार्फ घासला, लिंबानं चुरचुरलं, की रंगपेशीला पुन्हा काम मिळतं. तुझे डाग वर्षभर टिकलेत ते एकच डाग वर्षभर बसून आहे म्हणून नव्हे. तो दर थोड्या दिवसांनी नव्यानं भरला जातोय.

आणि मुरूम फोडला तर? नखांनी दाबला की पू बाहेर येतो तसा थोडा आतल्या बाजूलाही फुटतो. दोन थरांच्या मधला पातळ पडदा फाटतो आणि रंग खाली सांडतो. तिथं त्या सफाईच्या पेशी तो गिळून बसतात. झालं गोंदण. मुरूम फोडू नकोस म्हणून आया ओरडतात, त्यात मुलींना नुसती कटकट ऐकू येते. पण डागाचे महिने की वर्षं, हे पुष्कळदा त्या एका दाबण्यावर ठरतं.

तुझे डाग कुठले आहेत हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीशी उभी राहा, ट्यूबलाइटखाली नको. कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी घे आणि डागावर हलकेच दाबून धर. बघायला ताईला सांग, आरशात नीट दिसत नाही. पट्टीखाली खूण नाहीशी झाली आणि पट्टी काढल्यावर परत आली, तर तो रंग नव्हेच. त्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आहेत. ती लाली महिन्यांत आपोआप ओसरते, डाग घालवायची औषधं तिच्यावर फुकट जातात. पट्टीखाली खूण तशीच राहिली आणि रंग चहासारखा तपकिरी, कडा स्पष्ट, तर रंग वरच्या थरात आहे. करडा, राखाडी, निळसर आणि कडा धूसर असेल तर खाली उतरला आहे. बहुतेकींच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळून असतात. आणि बोट फिरवल्यावर खोलगट लागत असेल तर तो खड्डा. त्याला कुठलंही मलम भरून काढत नाही, त्याचे उपचार वेगळे, तो विषय आज नको.

आता त्या ट्यूबकडे येते. तू नाव लिहिलं नाहीस, पण पंधरा दिवसांत उजळ आणि बंद केल्यावर चार दिवसांत आग, हे वर्णन मी आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते. बहुधा ती तीन औषधांची मिसळ आहे: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. खोक्यावर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल यांपैकी काही लिहिलंय का बघ. यांतलं एकही नाव सापडलं तर तेच स्टेरॉइड.

ही मिसळ कुणी फसवायला काढलेली नाही. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन यांनी अशा तिहेरी मिश्रणाचा पाया घातला. हायड्रोक्विनोन रंग तयार होणं रोखतं, ट्रेटिनॉइन कातडी लवकर झडवतं, आणि या दोघांनी कातडी चुरचुरते म्हणून ती शांत ठेवायला स्टेरॉइड. वांगासाठी, मोजके आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली हे औषध आजही वापरतात. घोटाळा होतो तो ही ट्यूब ‘डागांची क्रीम’ म्हणून हातोहात फिरते तेव्हा. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा पांढुरका दिसतो, सूज दबते, सगळं छान वाटतं. आत मात्र कातडी पातळ होत जाते. औषध थांबलं की दबलेलं सगळं एकदम उसळून येतं. लाली, आग, बारीक बारीक पुरळ, सूर्यप्रकाशात उभं राहवत नाही. काहींना गालावर लव वाढते. घाबरून मुलगी पुन्हा तीच ट्यूब लावते, दोन दिवसांत शांत होतं आणि तिला वाटतं, माझ्या कातडीला हेच मानवतं. या फेऱ्यात पाच-पाच वर्षं अडकलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि त्यांच्या पातळ झालेल्या गालांवर आता माझ्याकडेही फारसं काही करण्यासारखं उरत नाही. अशा पुष्कळशा मलमांवर ‘शेड्युल एच’ लिहिलेलं असतं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. पण ती विकली जातात, आणि याचा मला मनापासून संताप आहे.

तुझे दोन महिनेच झालेत, हे खूप बरं आहे. आता पाच-सहा आठवडे डागांचा विचार बाजूला ठेव. या काळात चेहऱ्याला तीनच गोष्टी: फेस फार न करणारा, वास नसलेला सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि सकाळी सनस्क्रीन. आग होईल तेव्हा साध्या गार पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड पाच मिनिटं ठेव. बर्फ थेट लावू नकोस. लाली पंधरा दिवसांत कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, सूज आली किंवा पुवाचे फोड आले, तर थांबू नकोस, त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. आम्ही कधी सौम्य औषधावर उतरवत नेतो, कधी स्टेरॉइड नसलेलं सूज उतरवणारं मलम देतो. ते चेहरा बघूनच ठरतं.

सनस्क्रीनचं थोडं विस्तारानं सांगते, कारण डागांच्या बाबतीत निम्मा उपचार तोच आहे आणि तोच सगळ्यात चुकीचा होतो. आता जून उजाडलाय, ढग भरून आलेत, रंकाळ्यावर ऊन शोधून सापडत नाही. दवाखान्यात बहुतेकजणी हेच म्हणतात, “मॅडम, पावसात कशाला लावायची?” ऊन म्हणजे नुसता चटका नव्हे. न दिसणारे अतिनील किरण असतात आणि दिसणारा उजेडही असतो. सावळ्या कातडीच्या रंगपेशी दिसणाऱ्या उजेडानंही, त्यातल्या निळ्या भागानं विशेष, जाग्या होतात. ढगांतून उजेड येतोच, नाहीतर दिवस दिसला नसता. आणि नेहमीची पांढरी किंवा पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, दिसणारा उजेड जवळजवळ अडवत नाही. तो अडवायला रंग लागतो. म्हणून टिंटेड सनस्क्रीन घ्यायची, जिच्यात आयर्न ऑक्साइड असतं. घटकांच्या यादीत ते नाव किंवा सी.आय. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे सापडतील. एसपीएफ ३० ते ५०. आपल्या रंगाला जुळणारी छटा मिळाली नाही तर साध्या सनस्क्रीनवर आपल्या छटेचं फाउंडेशन लावलं तरी चालतं, त्यातही आयर्न ऑक्साइडच असतं.

किती लावायची? पहिल्या दोन बोटांवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ पिळायची, तेवढी चेहऱ्याला आणि मानेला. बहुतेकजणी वाटाण्याएवढी लावतात आणि मग म्हणतात सनस्क्रीननं काही होत नाही. घरातून निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एकदा, आणि दुपारी विद्यापीठातून निघताना पुन्हा. रेनकोटच्या टोपीतून चेहरा भिजला असेल तर टिपून मग लाव.

स्कार्फबद्दल एक. कोल्हापूरच्या मुली गाडीवर स्कार्फ जसा आवळतात तशी गाठ मी आणखी कुठं पाहिली नाही. ऊन आणि धूळ अडते, चांगलंच आहे. पण जबड्याच्या कडेला त्या कापडाचा घास सतत बसतो, पावसात ते ओलंही असतं, आणि तिथं येणारे मुरूम आणि राखाडी डाग मी रोज बघते. मऊ सुती स्कार्फ घे, सैल बांध, आणि रोज धू. हेल्मेटचा पट्टाही हनुवटीवर घासत असेल तर त्याखाली मऊ पट्टी लावून घे.

पाच-सहा आठवड्यांनी चेहरा शांत झाला, नुसतं मॉइश्चरायझर लावल्यावर चुरचुरत नाही अशी खात्री झाली, की मग खरं औषध. तुझ्यासाठी मी एकच निवडेन: अझेलिक ॲसिड. ॲसिड म्हटल्यावर दचकू नकोस. गहू, बार्ली या धान्यांतही ते असतं. आणि त्याची ओळख पटली ती एका गमतीच्या वाटेनं. आपल्याकडे पावसाळ्यात छाती-पाठीवर शिबे येतात ना, फिकट पांढरे चट्टे, ते कातडीवरच्या एका बुरशीमुळे येतात. ती बुरशी हे आम्ल तयार करते. शिब्यांच्या जागी रंग का जातो हे शोधता शोधता लक्ष या आम्लाकडे गेलं आणि त्यातून हे औषध आलं.

ते निवडायचं कारण असं, की ते दोन्ही कामं करतं. मुरमाचे जंतू आणि सूज कमी करतं, म्हणजे नवा डाग पडायचाच थांबतो. आणि मेलॅनिन तयार होताना जे विकर लागतं त्याला अडवतं. त्यातही त्याचा भर चेतवलेल्या रंगपेशींवर असतो, शांत असलेल्यांना ते फारसं छेडत नाही. म्हणून डागाभोवती पांढरं कडं उमटायची भीती नाही. त्यानं कातडी पातळ होत नाही, महिनोन् महिने लावता येतं, गरोदरपणातही चालतं. उणीव म्हणशील तर दोन. एक, ते संथ आहे. दुसरं, पहिले दोन-तीन आठवडे लावल्यावर खाजतं, मुंग्या आल्यासारखं होतं.

१० टक्क्यांपासून सुरू कर. चेहरा धू, टिपून दहा मिनिटं पूर्ण सुकू दे, ओल्या चेहऱ्यावर जास्त खाजतं. हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं घे आणि सगळ्या गालांना, हनुवटीला पातळ लाव. फक्त डागावर ठिपके देत बसू नकोस, पुढचा मुरूम कुठं येणार हे आपल्याला ठाऊक नसतं. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र आड, मग रोज रात्री, महिन्यानं सोसलं तर सकाळीही. १५ किंवा २० टक्क्यांचं मलम डॉक्टर देतील तेव्हाच. पाच-दहा मिनिटांत विरणारी खाज चालते. अर्ध्या तासानंही जळतंय, सकाळी लाली दिसतेय, कोंड्यासारखी सालं निघताहेत, तर दोन-तीन दिवस थांबायचं. इथं सोसून नेण्यात काही शौर्य नाही. प्रत्येक जळजळ म्हणजे सूज, आणि आपल्या कातडीत सूज म्हणजे रंग. तुझ्या लिंबानं नेमकं हेच केलं. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन नवेच डाग पडतात.

जोडीला सकाळी सनस्क्रीनच्या आधी ४-५ टक्क्यांचं नायसिनामाइड लावलंस तर चांगलं. रंगपेशी पुड्या वाटते म्हटलं ना, ते वाटणंच ते कमी करतं, शिवाय कातडीला बळ देतं. १०-१२ टक्क्यांच्या बाटल्यांच्या मागं लागू नकोस, जास्तीचा फायदा होईलच असं नाही, चुरचुरतं मात्र.

मुरूम तरीही थांबले नाहीत तर डॉक्टर ॲडापॅलीन ०.१ टक्का देतील. ते रात्री, वाटाण्याएवढंच, आणि अझेलिक सुरू करून महिनाभर झाल्यावरच. दोन्ही एकदम सुरू केलं की कशानं बिघडलं हेच कळत नाही. दिवस राहण्याची शक्यता असेल तर ॲडापॅलीन नको. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर नुसतं वरून लावून भागणार नाही, तेही तपासून घे.

हायड्रोक्विनोन एकटं घेतलं तर ते वाईट नाही, उलट जोरदार आहे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, तीन-चार महिन्यांपुरतं. वर्षानुवर्षं लावलं तर उलट कातडीच निळसर-काळी पडू शकते, आणि तो रंग मग जवळजवळ जात नाही. बिनलेबलच्या डब्या, पार्लरमध्ये वजनावर मिळणारी ‘गोरेपणाची’ क्रीम, यांना हातसुद्धा लावू नकोस. काहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंड खराब करतो. कडक पील आणि लेझर आपल्या रंगाच्या कातडीवर चुकले तर तेच नवे डाग देतात, आणि स्टेरॉइडनं हललेल्या कातडीवर तर वर्षभर तरी नकोच.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते एका मुलीवरून सांगते. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी, तुझ्याच वयाची. डाव्या गालावर अकरा डाग. खिडकीशी बसवून पट्टी लावून मोजले: सात तपकिरी, दोन लाल, जबड्याच्या कडेला दोन राखाडी, तेच तिनं नखांनी फोडलेले. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, त्याच मोबाइलवर फोटो काढायचा ठरलं. कारण रोज आरशात बघणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि नाउमेद होऊन औषध सुटतं.

पहिल्या फोटोत म्हणण्यासारखं काही नव्हतं. नवे मुरूम तेवढे कमी. ती रडवेली झाली, “काईच फरक नाई ओ मॅडम.” दुसऱ्या महिन्यात कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं अक्रोडाच्या दाण्यांचा स्क्रब घासला. आठव्या आठवड्याच्या फोटोत तीन तपकिरी डाग आधीपेक्षा गडद. स्क्रब थांबवला, औषध चार दिवस थांबवून पुन्हा चालू केलं. बाराव्या आठवड्यात सातपैकी चार डाग फोटोत शोधावे लागले, लाल दोन्ही गेलेले. सहाव्या महिन्यात तपकिरी एकच उरला. राखाडी दोन तसेच, किंचित फिके. त्यांना पुढं सव्वा वर्ष लागलं, आणि एकाची सावली अजून आहे. तिला मी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं, म्हणून ती टिकली.

तुझा हिशेब त्यावरून मांड. जून-जुलै चेहरा शांत करण्यात जाईल. अझेलिक जुलैअखेरीला सुरू झालं तर लग्नापर्यंत साधारण पंधरा आठवडे मिळतात. तेवढ्यात तपकिरी डाग बरेच उतरतील, हलक्या मेकअपखाली दिसणार नाहीत. राखाडी असतील ते राहतील, त्यांच्यासाठी घाई करून चेहरा पणाला लावू नकोस.

लग्नघरात काय होतं तेही मला माहीत आहे. आदल्या महिन्यात मावशी-काकू तुला ताईबरोबर पार्लरला ओढतील. ब्लीच, स्क्रब, फळांचं फेशियल, सगळ्याला नाही म्हण. वरच्या ओठाला वॅक्स नको, औषधानं नाजूक झालेली कातडी त्याबरोबर सोलून निघते आणि तिथं मिशीसारखी काळी पट्टी उमटते. दोऱ्यानं केलेलं चालेल, ॲडापॅलीन चालू असेल तर आठवडाभर आधी थांबवून. हळदीला करवल्यांचे चेहरेही माखतात. तुझ्या गालाला बोटभर टिळा लावू दे, पण खसाखसा चोळू देऊ नकोस, आणि पाच मिनिटांत धुऊन टाक.

आता ते खोकं. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ते पर्समध्ये टाकून ने, मैत्रिणीकडे तिची ट्यूब असेल तर तिचाही फोटो काढून घे. ‘एक पांढरी क्रीम होती’ यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही. कुठलं स्टेरॉइड आणि किती जोराचं, यावर उतरवायचं कसं ते ठरतं. आणि त्या मैत्रिणीलाही सोबत घेऊन जा. तीही अजून तेच लावत असणार.